होळीच्या दिवशीचा मेसेज

१३ मार्च २०२५, होळी. सकाळी दहाच्या सुमारास आईचा फोन आला. ती कराडला, मी पुण्यात. एरवी सणाच्या दिवशी या वेळेला तिचा फोन येत नाही, कारण पुरण शिजत असतं आणि हात मोकळे नसतात.

"अरे, बँकेचा मेसेज आलाय. उद्या दोनशे नव्याण्णव रुपये कापणार म्हणतायत. मी तर काही घेतलेलं नाही. फसवणूक आहे का रे?"

मी वाचायला सांगितलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, त्यामुळे वाचन अगदी खणखणीत. अमुक कंपनीसाठी २९९ रुपये, १४ मार्चला, तुमच्या खात्यातून, यूपीआय मँडेटप्रमाणे वजा होतील, आणि पुढे अक्षरं-आकडे मिसळलेला एक लांबलचक क्रमांक. तो क्रमांकही तिने एकेक अक्षर करून वाचला. कंपनीचं नाव तिच्या ओळखीचं नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. दोन-चार प्रश्न विचारल्यावर उलगडलं, की फेब्रुवारीत तिने भजन-कीर्तनाचं एक अ‍ॅप घेतलं होतं. 'तीन दिवस फक्त १ रुपयात' अशी जाहिरात होती. तिने रुपया भरला, पिन टाकला, दोन दिवस कीर्तनं ऐकली आणि अ‍ॅप काढून टाकलं. तिच्या लेखी विषय तिथेच संपला होता.

पण अ‍ॅप काढलं म्हणून खात्यातून पैसे कापायला दिलेली परवानगी, म्हणजे मँडेट, जात नाही. त्या एका रुपयासोबत तिने ऑटोपेला मंजुरी दिली होती, आणि मंजुरीच्या पडद्यावर नक्की रक्कम नव्हतीच. तिथे लिहिलेलं असतं 'इतक्या रुपयांपर्यंत'. आईच्या मँडेटवर ही कमाल मर्यादा ९९९ होती. याचा अर्थ कंपनी दर महिन्याला ९९९ किंवा त्याखालचा कोणताही आकडा मागू शकते आणि त्यासाठी पुन्हा पिन विचारला जात नाही. प्रत्यक्षात किती आणि कधी जाणार, हे ग्राहकाला बँकेकडून पहिल्यांदा कळतं ते या आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये. मी हिशेबाची आणि जीएसटीची कामं करतो, दिवसभर बँकेची स्टेटमेंटं चाळतो, पण त्या मेसेजचं हे महत्त्व मला तोवर लक्षात आलं नव्हतं. मला तो इतर मेसेजसारखाच वाटायचा, अंगठ्याने बाजूला सारायचा.

मेसेज खरा की खोटा, हे आधी ठरवायचं होतं. आईला सांगितलं, मेसेजमध्ये लिंक असेल तर तिला हात लावू नकोस. तू पैसे पाठवतेस ते अ‍ॅप स्वतः उघड. तिथे Autopay नावाचा विभाग शोध. तिच्याकडे यूपीआयची दोन अ‍ॅप्स. पहिल्यात काहीच नव्हतं. ज्या अ‍ॅपमधून रुपया भरला होता, त्या दुसऱ्यात मँडेट सापडलं: तीच कंपनी, दर महिन्याला, ९९९ पर्यंत. मग तिला मँडेटचा क्रमांक वाचायला लावला आणि मेसेजमधल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तंतोतंत तोच. खोट्या मेसेजमध्ये रक्कम आणि तारीख कुणीही रचू शकतो, पण आपल्याच अ‍ॅपमधल्या मँडेटचा क्रमांक त्याच्याकडे कुठून येणार? एवढं जुळलं तर मेसेज खरा.

"मग आता रद्द कर," मी म्हणालो. तिने रद्द करण्याचं बटण दाबलं. थोडा वेळ शांतता.

"हे पिन मागतंय."

"टाक की."

"नाही टाकणार. पिन टाकला की पैसे जातात. तूच सांगितलंयस. आणि फोनवर कोणी पिन टाक म्हणालं तर फोन ठेवून दे, हेही तूच सांगितलंयस."

आणि तिने खरंच फोन ठेवला.

मी इकडे हातात फोन धरून बसलो. रागवावं की कौतुक करावं, कळेना. दोन वर्षं मी तिला हेच घोकून घेतलं होतं. ठगही नेमकं असंच बोलतो, 'काकू, रद्द करायचंय ना, पिन टाका'. फरक एवढाच, की या वेळी पिन खरोखरच लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमात तशी अटच आहे: मँडेट देताना जशी ग्राहकाची जादा खातरजमा करायची, तशीच ते मागे घेतानाही. म्हणजे कार्डावर ओटीपी आणि यूपीआयवर पिन. कारण उघड आहे. ती खातरजमा नसेल तर माझा फोन पाच मिनिटं हातात मिळालेला कुणीही माझ्या विम्याचा हप्ता परस्पर थांबवेल.

दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. तिने शेजारच्या मुलीला बोलावून पडदा दाखवला होता. मग मी तिला नीट सांगितलं, की पिन टाकायच्या आधी वर काय लिहिलंय ते वाच. पैसे देताना तिथे कोणाला आणि किती ते लिहिलेलं असतं. इथे मँडेट रद्द करण्याबद्दल लिहिलेलं असायला हवं, आणि इथवर तू स्वतः तुझ्या अ‍ॅपमधून आलेली असायला हवीस, कुणी पाठवलेल्या लिंकवरून किंवा विनंतीवरून नाही. तिने वाचलं, शेजारच्या मुलीकडून पुन्हा वाचून घेतलं आणि पिन टाकला. मँडेटसमोर रद्द झाल्याची नोंद आली. दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, २९९ रुपये खात्यातच राहिले. संध्याकाळी त्या कंपनीचा मेसेज आला, की तुमचं पेमेंट होऊ शकलं नाही, सेवा चालू ठेवण्यासाठी पुन्हा भरा. आई त्या मेसेजवर खूश होती.

माझी खुशी तेवढी टिकली नाही. मँडेट ११ फेब्रुवारीचं होतं आणि फुकटासारखे दिवस तीनच. मग १४ फेब्रुवारीचं काय? स्टेटमेंट बघितलं तर २९९ तेव्हाच गेले होते. पुढच्या आठवड्यात कराडला गेलो तेव्हा आईसोबत बँकेत जाऊन आलो. माझा मुद्दा तयार होता: आधी कळवल्याशिवाय पैसे कापलेत, परत द्या.

खिडकीवरचा अधिकारी तरुण होता, सौजन्याने वागला. त्याने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "काकूंना १२ फेब्रुवारीला संध्याकाळी मेसेज गेलाय. फोन बघू?" आईच्या मेसेजच्या पेटीत हजाराच्या वर न वाचलेले मेसेज होते. त्याने वर शोधायच्या जागी mandate टाइप केलं आणि मेसेज समोर. १२ फेब्रुवारी, संध्याकाळचे सात. खाली-वर साड्यांचे सेल आणि कर्जाची आमिषं. कंपनी, रक्कम, तारीख, क्रमांक, सगळं त्यात होतं.

"मँडेट काकूंच्या पिनने झालंय, सूचना चोवीस तासांच्या आधी गेलीय, रक्कम मर्यादेच्या आत आहे. याला आम्ही अनधिकृत व्यवहार म्हणू शकत नाही. कंपनीकडे परत मागून बघा."

मला वाद घालायचा होता, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. सूचना आपल्या सोयीसाठी येते हे खरं, पण ती पाठवली की बँकेच्या हातात आपल्याविरुद्ध नोंदही तयार होते. 'तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणाला नाहीत.' सूचना आलीच नसती, किंवा सूचनेत २९९ आणि कापलेले ४९९ असते, तर माझी बाजू भक्कम होती. मग बँकेत लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर. इथे त्यातलं काहीच लागू पडत नव्हतं. कंपनीला दोन ईमेल पाठवले. उत्तर आलं, की वापरलेल्या कालावधीचे पैसे परत मिळत नाहीत. आईने ते २९९ रुपये 'शिकवणीची फी' म्हणून सोडून दिले.

त्या अधिकाऱ्याला मी जाता जाता विचारलं, की कापल्यावर मेसेज येतोच, मग आधीचा कशाला? तो म्हणाला, "कापल्यावर तुम्ही परत मागता. आधी कळलं तर नुसतं नाही म्हणता." पैसे परत मागताना कंपनीच्या मर्जीवर राहावं लागतं. आधी नाही म्हटलं की ते वजा होऊ न देण्याची जबाबदारी बँकेची असते, कंपनीला पटो न पटो. रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकात कार्डांसाठी हेच लिहिलं आणि जानेवारी २०२० मध्ये ते यूपीआयलाही लावलं. ग्राहकाचं कार्ड ज्या बँकेचं, तिनेच किमान चोवीस तास आधी कळवायचं. त्यात दुकानदाराचं नाव, रक्कम, तारीख-वेळ, संदर्भ क्रमांक आणि पैसे कशासाठी ते असलं पाहिजे. ग्राहकाला तेवढा एक हप्ता किंवा अख्खं मँडेट थांबवता आलं पाहिजे, आणि या सगळ्यासाठी ग्राहकाकडून शुल्क घ्यायचं नाही.

बँका आणि कंपन्यांना हे जमवायला वेळ लागला. मार्च २०२१ ची मुदत सहा महिन्यांनी वाढवावी लागली. १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम पक्का झाला, तेव्हा माझ्या कार्डावरचे दोन जुने मासिक व्यवहार फटकन बंद पडले होते. तेव्हा मी बँकेला शिव्या घातल्या होत्या. त्या दोन्हींतला एक वर्षभर न वापरलेला निघाला, तो वेगळा विषय.

एवढं सगळं शिकल्यावर आपण तरी चुकणार नाही, असं मला वाटत होतं. जुलैत चुकलो.

माझ्या कामाला हिशेबाचं एक सॉफ्टवेअर लागतं. वर्षाची फी क्रेडिट कार्डावरून आपोआप जाते. आदल्या वर्षी १२,००० अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६० गेले होते. आधी मेसेज आला, मी वाचला, काही केलं नाही, पैसे गेले, सॉफ्टवेअर चालू राहिलं. यंदा फी वाढून १५,००० झाली. त्यावर २,७०० जीएसटी, एकूण १७,७००. ८ जुलैला मेसेज आला. मी कंपनीचं नाव पाहिलं, आकडा पाहिला, वाढलाय म्हणून मनात कुरकुर केली आणि फोन ठेवला. पैशांचा प्रश्न नव्हता, कार्डावर मर्यादा पुष्कळ होती. मँडेट करताना कमाल रक्कम मी २०,००० दिली होती, त्यामुळे तीही अडचण नव्हती.

१० जुलैला सकाळी सॉफ्टवेअर उघडेना. दुसऱ्या दिवशी ११ तारीख, जीएसटीआर-१ भरायचा शेवटचा दिवस, आणि बारा ग्राहकांची बिलं त्या कुलपाच्या आत.

झालं होतं ते असं. आपोआप, ओटीपीशिवाय वजा होण्याला रकमेची मर्यादा आहे. २०१९ मध्ये ती २,००० होती, २०२१ पासून ५,००० झाली आणि जून २०२२ पासून १५,०००. त्यापुढे गेलं की दर वेळी ग्राहकाने ओटीपी देऊन मंजूर करावं लागतं. म्हणजे आदल्या वर्षीचा १४,१६० चा मेसेज आणि यंदाचा १७,७०० चा मेसेज दिसायला भावंडं, पण अर्थ नेमका उलटा. पहिल्याला उत्तर न देणं म्हणजे होकार होता, दुसऱ्याला उत्तर न देणं म्हणजे नकार. मेसेज पुन्हा शेवटपर्यंत वाचला तर तळाशी स्पष्ट होतं, की मंजुरीसाठी कार्डाच्या पानावर जाऊन ओटीपी द्या. मी अर्धाच वाचला होता, तोही आईला शिकवल्यावर चार महिन्यांनी. मंजुरीची मुदत तोवर गेलेली होती. कंपनीच्या साइटवर जाऊन साधं पेमेंट केलं, फोनवर पाऊण तास घालवला, दुपारी कुलूप निघालं. दुपारपर्यंत चाललेली ती धावपळ नुसत्या २,७०० च्या जीएसटीमुळे, कारण फी नेमकी १५,००० होती. करच तिला रेषेपलीकडे घेऊन गेला.

याच नियमाने मी आणखी एकदा गोंधळलो असतो. ऑगस्टमध्ये आरोग्य विम्याच्या २६,००० च्या हप्त्याचा मेसेज आला आणि मी ओटीपीची वाट बघत बसलो. तो आलाच नाही, पैसे सरळ गेले. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल या तिघांसाठी डिसेंबर २०२३ पासून मर्यादा १ लाख आहे. तिथे गप्प राहणं म्हणजे पुन्हा होकार. फास्टॅगचं तर तिसरंच. शिल्लक ठरवलेल्या रकमेखाली गेली की आपोआप भरण्याची सोय घेतली, तर तिथे आदल्या दिवशीचा मेसेज येतच नाही, ऑगस्ट २०२४ मध्ये ती अट काढून टाकली. योग्यच आहे. खंबाटकीच्या आधी शिल्लक संपली आणि बँक म्हणाली उद्या भरते, तर टोलनाक्यावर काय चोवीस तास थांबणार?

आता मेसेज आला की मी आधी आकडा बघतो, मग तारीख आणि मग शेवटची ओळ. शेवटच्या ओळीत मला काही करायला सांगितलंय का, हे महत्त्वाचं. नको असेल तर आणखी एक निर्णय घ्यावा लागतो: एकच हप्ता थांबवायचा की मँडेटच. गावी जायचं म्हणून एका महिन्याचं वर्तमानपत्र नको असेल तर हप्ता. सोडायचंच असेल तर मँडेट. आणि मँडेट बँकेकडे रद्द केलं तरी कंपनीच्या दप्तरात आपण ग्राहकच असतो, म्हणून तिथेही सदस्यत्व बंद करतो. नाहीतर काही ठिकाणी थकबाकीचे फोन सुरू होतात. उलटं केलं, म्हणजे फक्त कंपनीकडे बंद केलं, तर मँडेट खात्यावर जिवंत राहतं. तेही तपासून घेतो.

गृहकर्जाचा हप्ता त्या Autopay च्या यादीत दिसत नाही म्हणून आई एकदा घाबरली होती. तो नॅचने, म्हणजे हप्ते वसूल करण्याच्या बँकांच्या वेगळ्या यंत्रणेने जातो. त्याचं मँडेट वेगळं, रद्द करायची वाटही वेगळी, थेट बँकेतून. यूपीआयच्या यादीत तो कधी दिसणारच नव्हता.

आईने मात्र तिची पद्धत काढली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती मेसेज आल्या दिवशीच, पैसे जाणार त्या तारखेच्या चौकोनात, पेन्सिलीने आकडा लिहिते. गेले की त्यावर बरोबरची खूण, शाळेत वह्या तपासायची तशी. थांबवले तर फुली. मेसेजची पेटीही तिने बसून साफ केली. दोन दुपारी लागल्या.

परवा रात्री नऊला फोन आला. "अरे, परवा एकशे एकोणीस जाणार आहेत. त्या जुन्या नाटकांच्या अ‍ॅपचे. क्रमांक जुळवला मी, बरोबर आहे."

"मग? थांबवायचेत?"

"नको, जाऊ देत. दोन नाटकं राहिलीत बघायची. पुढच्या महिन्यात फुली मारते."